माथा पुढे पळतो, गट मागे राहतो: शेततळ्यात कलावेग आणि समूहवेग मोजण्याची रीत

शांत पाण्यात काठावरून सहा-सात लाटा सोडल्या आणि त्यातल्या एकाच माथ्यावर नजर खिळवून ठेवली, तर तो माथा काही सेकंदांत नाहीसा होतो. काठाला आपटत नाही, फुटत नाही. गटाच्या पुढच्या टोकाशी पोचतो, बुटका होत जातो आणि सपाट पाण्यात विरतो. त्याच वेळी गटाच्या मागच्या टोकाला, जिथे क्षणापूर्वी पाणी सपाट होते, तिथे नवा माथा उगवतो. माथ्यांचा वेग म्हणजे कलावेग आणि गटाचा वेग म्हणजे समूहवेग. खोल पाण्यात दुसरा पहिल्याच्या बरोबर निम्मा असतो. हे पुस्तकात एका ओळीत उरकले जाते, पण तीस मीटर लांबीचे शेततळे, दोन-तीन मोबाइल आणि तीन चेंडू एवढ्यावर ते मोजताही येते. पुढे आधी आकडेमोड, मग मोजणी आणि शेवटी तेच गणित समुद्रावर कसे लावायचे ते दिले आहे.

आकडा आधी काढून ठेवा

तळ्यावर जाण्यापूर्वी कोणते आकडे अपेक्षित आहेत ते कागदावर असावे, नाहीतर व्हिडिओ पाहताना मिळेल ते बरोबर वाटू लागते. लाटेची तरंगलांबी λ, आवर्तकाल T, तरंगांक k = 2π/λ आणि कोनीय वारंवारता ω = 2π/T अशी नावे घेऊ. खोल पाण्यातल्या, गुरुत्वाकर्षणाने चालणाऱ्या लाटांसाठी k आणि ω यांचे नाते असे, g म्हणजे गुरुत्व त्वरण:

```
ω² = g k
```

माध्यम आणि लाट यांचा सगळा करार या एका ओळीत आहे. कलावेग v = ω/k, म्हणजे √(g/k). k लहान, अर्थात लाट लांब, तर वेग जास्त. वेग तरंगलांबीवर अवलंबून असण्यालाच अपस्करण म्हणतात. आवर्तकालाच्या भाषेत हेच सूत्र वापरायला फार सोपे होते: v = gT/2π, म्हणजे मीटर प्रति सेकंदात साधारण १.५६ गुणिले T. एक सेकंदाच्या लाटेचा कलावेग १.५६ मीटर प्रति सेकंद, आणि तरंगलांबीही १.५६ मीटर.

आता समूहवेग. एकाच तरंगलांबीची अखंड लाट असेल तर तिच्यात गट असा काही नसतोच, सगळे माथे सारखे. गट तयार व्हायला किमान दोन जवळजवळच्या तरंगलांब्या लागतात. k चे दोन आकडे घेऊन बघा: ४.० आणि ४.२ रेडियन प्रति मीटर. g = ९.८१ धरले तर ω अनुक्रमे ६.२६४ आणि ६.४१९ येतो. या दोन लाटांची बेरीज केली की त्रिकोणमितीनुसार दोन गुणक मिळतात:

```
cos(k1 x − ω1 t) + cos(k2 x − ω2 t)
 = 2 cos(Δk x/2 − Δω t/2) · cos(k x − ω t)
```

उजवीकडचा दुसरा गुणक म्हणजे माथे. त्यांचा वेग सरासरी ω भागिले सरासरी k, म्हणजे ६.३४१५ / ४.१ = १.५४७ मीटर प्रति सेकंद. पहिला गुणक म्हणजे माथ्यांना कुठे उंच आणि कुठे बुटके करायचे ते ठरवणारे आवरण. त्याचा वेग Δω/Δk, म्हणजे ०.१५४७ / ०.२ = ०.७७३ मीटर प्रति सेकंद. बरोबर निम्मा. k चे आकडे एकमेकांच्या आणखी जवळ आणले की हा भागाकार dω/dk होतो आणि तोच समूहवेग.

हे डोळ्यांसमोर ठेवायचा उत्तम मार्ग म्हणजे आलेख. आडव्या अक्षावर k, उभ्या अक्षावर ω घेऊन वक्र काढा. आरंभबिंदूपासून वक्रावरच्या एखाद्या बिंदूपर्यंत सरळ रेघ ओढली तर तिचा चढ हा कलावेग, आणि त्याच बिंदूवर वक्राला काढलेल्या स्पर्शिकेचा चढ हा समूहवेग. वक्र सरळ रेषा असेल तर दोन्ही एकच, म्हणजे अपस्करण नाही. हवेतल्या आवाजाचे तसे आहे, म्हणून दूरच्या बँडमधला ढोल आणि सनई एकाच तालात ऐकू येतात. खोल पाण्याचा वक्र वर जाताना खाली वाकतो, म्हणून स्पर्शिका नेहमीच कमी चढाची. दृश्य प्रकाशासाठी काचेचा वक्रही त्याच बाजूला वाकतो. म्हणून काचेतून जाणारा प्रकाशाचा स्पंद नुसत्या अपवर्तनांकावरून काढलेल्या वेळेपेक्षा थोडा उशिरा बाहेर पडतो. तिथे फरक एक-दोन टक्क्यांचा असतो, पाण्यात तो दुपटीचा आहे. शिकायला पाणीच बरे.

तळ्याची खोली सूत्रात बसते का ते तपासा

वरचे ω² = gk तळ जाणवत नाही इतक्या खोल पाण्यासाठी आहे. तळ जवळ असेल तर पूर्ण नाते ω² = gk tanh(kh) असे असते, h म्हणजे खोली. खोली तरंगलांबीच्या निम्मी असेल तर कलावेगातली चूक अर्ध्या टक्क्याहूनही कमी राहते, पण समूहवेग आणि कलावेग यांचे गुणोत्तर ०.५० ऐवजी ०.५१ येते. समूहवेगाला तळ आधी जाणवतो, हे लक्षात असू द्या. खोली तरंगलांबीच्या चौथाईवर आली की गुणोत्तर ०.६४ होते, आणि विसाव्या हिश्शावर आली की ०.९७. घरातल्या टबात किंवा पसरट हौदात हा प्रयोग फसतो तो याचमुळे. पंधरा सेंटिमीटर पाण्यात साठ सेंटिमीटरच्या लाटा सोडल्या तर निम्म्याचा नियम दिसणारच नाही, आणि दोष मोजणीचा नसेल.

कोणत्याही आवर्तकालासाठी आणि खोलीसाठी दोन्ही वेग या छोट्या पायथॉन कार्यक्रमातून मिळतात:

```python
from math import pi, tanh, sinh
def veg(T, h, g=9.81):
    w = 2*pi/T
    k = w*w/g
    for _ in range(60):
        k = (k + w*w/(g*tanh(k*h)))/2
    v = w/k
    vg = v/2*(1 + 2*k*h/sinh(2*k*h))
    return round(v, 2), round(vg, 2)
print(veg(1.0, 3.0), veg(1.0, 0.4))
```

एक सेकंदाच्या लाटेला तीन मीटर पाण्यात १.५६ आणि ०.७८, तर चाळीस सेंटिमीटर पाण्यात १.४६ आणि ०.८९ अशी उत्तरे येतील. म्हणजे उथळ बाजूला माथे सावकाश होतात पण गट वेगाने जातो. काठाजवळ मोजलेला समूहवेग अपेक्षेपेक्षा जास्त आला तर संशय आधी खोलीवर घ्यावा. कार्यक्रमात एक मर्यादा आहे: खोली तरंगलांबीच्या शंभरपट वगैरे दिली तर sinh चा आकडा संगणकाला पेलत नाही आणि तो चूक दाखवून थांबतो. तिथे सरळ निम्मा घ्यावा.

मांडणी

तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोलीचे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे यासाठी जवळपास आदर्श आहे. पण या कागदावर शेवाळ धरते आणि उतारावर पाय घसरला तर हाताला धरायला काही नसते. पोहणारासुद्धा त्यातून बाहेर येऊ शकत नाही आणि अशा तळ्यांत दरवर्षी माणसे बुडतात. म्हणून काठावर काम करणाऱ्याच्या कमरेला दोर, तो दोर वरच्या खुंट्याला किंवा झाडाला बांधलेला, अंगात लाइफ जॅकेट आणि शेजारी दुसरा माणूस, हे नसेल तर प्रयोग करू नये. पाण्यात उतरायची गरज कुठल्याही टप्प्यावर पडत नाही.

लाटा उठवायला चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन मीटरचा तुकडा घ्या आणि दोन्ही टोकांना झाकणे लावून बंद करा. त्याला दोन लांब बांबू बांधा, म्हणजे काठावर उभे राहून पाइप काठापासून दोन मीटर आत दाबता येईल. बाजूचा उतार एकास दीडचा असेल तर तिथे सव्वा मीटरच्या वर पाणी असते आणि एक सेकंदाच्या लाटेला ते पुरते. आडवा पाइप वापरण्याचे कारण असे की एका बिंदूतून निघालेली लाट गोलाकार पसरते आणि पंधरा मीटरवर फारच क्षीण होते. दोन मीटर लांबीच्या पाइपमुळे निदान मधल्या पट्ट्यात लाट थोडी सरळ आणि जोरकस राहते.

समोरच्या काठापर्यंत पाण्याच्या वरून एक दोरी ताणून बांधा. पाइपपासून ५ मीटर, ५.५ मीटर आणि १५ मीटर अंतरावर दोरीला सैल दोऱ्याने टेबल टेनिसचे चेंडू लोंबू द्या. चेंडू पाण्यावर मोकळा तरंगला पाहिजे, म्हणून दोऱ्यात वीतभर ढील ठेवा. दोरा ताणला गेला तर चेंडू माथ्याबरोबर पूर्ण खाली-वर होत नाही आणि आलेखात माथे छाटल्यासारखे दिसतात. या तीन ठिकाणांना अ, आ आणि इ म्हणू.

अ आणि आ इतके जवळ का? कलावेग मोजताना अ वर दिसलेला माथा आ वर ओळखता आला पाहिजे. दोघांतले अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ७८ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर गोंधळाला जागा राहत नाही. एक मीटरवर दुसरा चेंडू लावला तर माथा अ कडून आ कडे गेला की मागचा माथा उलटा आला हे नुसत्या वेळांवरून सांगता येत नाही. या प्रयोगातली सर्वात जास्त चुकीची उत्तरे इथूनच निघतात. समूहवेगाला उलट लांब अंतर लागते, कारण गटाचा मध्य धूसर असतो. म्हणून इ दहा मीटर पुढे.

वेळ पहाटेची, वारा पडलेला असताना. वारा पाण्याचा वरचा थर आपल्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने ओढत नेतो. दोन मीटर प्रति सेकंदाची झुळूकही सहा सेंटिमीटर प्रति सेकंदाची ओढ देऊ शकते. ही ओढ कलावेगात आणि समूहवेगात सारखीच मिळते, त्यामुळे पहिल्यात चार टक्के आणि दुसऱ्यात आठ टक्के फरक पडतो आणि गुणोत्तर बिघडते. शंका असेल तर समोरच्या काठावरून उलट दिशेने लाटा सोडून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या.

लाटा सोडणे आणि मोजणे

मोबाइलवर मेट्रोनोम लावून मिनिटाला साठ ठोके ठेवा. प्रत्येक ठोक्याला पाइप एकदा खाली, मग वर. एकूण सहा दाब द्या: पहिले दोन हलके, मधले दोन पूर्ण, शेवटचे दोन पुन्हा हलके, आणि मग पाइप अलगद स्थिर. एकदम जोरात सुरू करून एकदम थांबलात तर गटात नको त्या तरंगलांब्या मिसळतात आणि त्याच्या कडा फाटक्या येतात. लाटेची उंची पाइपजवळही सात-आठ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. उंच लाट ठरलेल्या सूत्रापेक्षा थोडी जोरात चालते. या उंचीला ती वाढ एक-दीड टक्क्याची असते, पण पुढे ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

दुसऱ्या माणसाने काठावरून, तिपाईवर ठेवलेल्या मोबाइलने व्हिडिओ घ्यावा. एका चौकटीत तिन्ही चेंडू बसवायचा अट्टहास करू नका, दोन मोबाइल वापरा आणि सुरुवातीला दोघांनाही ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवा, म्हणजे वेळा जुळवता येतील. अ ते आ जायला माथ्याला ०.३२ सेकंद लागतात. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या व्हिडिओत एका चित्राची चूक म्हणजे दहा टक्के. म्हणून या जोडीसाठी १२० किंवा २४० चित्रांची स्लो मोशन लावा आणि चार-पाच माथ्यांची सरासरी घ्या. इ साठी साधा व्हिडिओ पुरे.

इथे पाण्याकडे नीट बघा, कारण एक गोष्ट मोजणीशिवायही दिसते. तुम्ही सहा दाब दिले. अ वरचा चेंडू साधारण सहा वेळा वर-खाली होतो, त्यातले कडेचे दाब हलके असल्याने फार हलके. पण कोणत्याही एका क्षणी पाण्यावर नजर टाकली तर माथे तीनच दिसतात. गट सहा सेकंदांत तयार झाला आणि त्या वेळात त्याचे पुढचे टोक ०.७८ मीटर प्रति सेकंदाने पुढे गेले, म्हणजे गटाची लांबी ४.७ मीटर. त्या लांबीत १.५६ मीटरचे तीनच माथे मावतात. उरलेले तीन कुठे गेले असा प्रश्न पडतो, पण ते कुठेच गेलेले नसतात. प्रत्येक माथा गटाच्या मागच्या टोकाला जन्मतो, गटातून पुढे सरकतो आणि पुढच्या टोकाला विरतो. गटाच्या तुलनेत त्याचा वेग १.५६ वजा ०.७८, म्हणजे ०.७८. ४.७ मीटर ओलांडायला त्याला सहा सेकंद लागतात. एका माथ्याचे आयुष्य सहा सेकंद आणि त्या काळात त्याने कापलेले अंतर सुमारे साडेनऊ मीटर. एकाच माथ्याचा पाठलाग करून पंधरा मीटरवर वेळ घेण्याचा विचार असेल तर तो इथेच सोडावा, तेवढे अंतर जाणारा माथा या गटात नसतो.

माथे विरतात तेव्हा ऊर्जा हरवत नाही, कारण ऊर्जा गटाबरोबर चालते. केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिक परीक्षेत जॉर्ज स्टोक्स यांनी १८७६ मध्ये समूहवेगावर प्रश्न घातला होता, आणि ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७७ मध्ये दाखवले की खोल पाण्यात एका आवर्तकालात लाटेच्या ऊर्जेपैकी फक्त निम्मी पुढे सरकते. पुढच्या सपाट पाण्यात शिरणाऱ्या माथ्याला पुरेशी ऊर्जा मिळत नाही म्हणून तो खचतो, आणि गटामागे राहिलेल्या ऊर्जेतून नवा माथा उभा राहतो.

आता आकडे. अ आणि इ च्या चेंडूंची उंची व्हिडिओतून दर दशांश सेकंदाला वाचून तक्त्यात भरा. शांत पाण्यातली सरासरी उंची वजा करा. गटाची वेळ ठरवताना सर्वात उंच माथ्याची वेळ घेऊ नका. एका चेंडूवर तिसरा माथा सर्वात उंच असतो, दुसऱ्यावर चौथा, आणि उत्तर एकेका सेकंदाने उड्या मारते. त्याऐवजी उंचीच्या वर्गाने भारित मध्य काढा:

```
t_गट = Σ t·y² / Σ y²
```

y² हे ऊर्जेच्या प्रमाणात असल्याने हा ऊर्जेचा मध्य आहे आणि तो सलग सरकतो. बेरीज मात्र गट ओसरल्यावर लगेच थांबवा. समोरच्या काठावरून परतलेली लाट इ वर सुमारे ३३ सेकंदांनंतर येते, ती बेरजेत शिरली तर मध्य मागे ओढला जातो आणि समूहवेग खोटाच कमी दिसतो. अ आणि इ च्या मध्यांतला फरक १२.८ सेकंदांच्या आसपास यायला हवा. त्यात अर्ध्या सेकंदाची अनिश्चितता धरली तर समूहवेग ०.७८, अधिक-उणे ०.०३. कलावेगाला भागून गुणोत्तर ०.४७ ते ०.५४ मध्ये पडले तर मोजणी ठीक. ते ०.६ च्या वर गेले तर खोली पाहा. १ च्या जवळ आले तर जवळजवळ नक्की तुम्ही गटाऐवजी माथ्याचाच पाठलाग केला आहे.

इ वर चेंडू सहापेक्षा जास्त वेळा हलल्याचे दिसेल, ते चूक नाही. सहा दाबांच्या गटात आवर्तकाल नेमका एक सेकंद नसतो, त्याच्या आजूबाजूचा पट्टा असतो. लांब लाटांचा समूहवेग जास्त, म्हणून त्या पुढे निघतात, आखूड मागे राहतात आणि गट ताणला जातो. दाब जितके जास्त तितका पट्टा अरुंद आणि ताण कमी. पण दाब वाढवले की गट लांबतो आणि मध्य शोधणे अवघड जाते. सहा ते आठ हा मधला मार्ग आहे.

लाट फार आखूड झाली तर

मेट्रोनोमचा वेग वाढवत नेला तर निम्म्याचा नियम एका टोकाला पार उलटतो. तरंगलांबी काही सेंटिमीटरवर आली की पृष्ठताण जोर धरतो आणि नाते ω² = gk + (σ/ρ)k³ असे होते, σ म्हणजे पृष्ठताण आणि ρ म्हणजे पाण्याची घनता. स्वच्छ पाण्यासाठी σ/ρ सुमारे ७.३ × १०⁻⁵, मीटर आणि सेकंद या एककांत. कलावेग १.७ सेंटिमीटर तरंगलांबीला सर्वात कमी असतो, २३ सेंटिमीटर प्रति सेकंद, आणि तिथे दोन्ही वेग सारखे होतात. त्याहून आखूड लहरींत समूहवेग कलावेगाच्या पुढे जातो, शेवटी दीडपटीपर्यंत.

याची तपासणी चेंडूंशिवाय होते. एखाद्या पाटात, जिथे पाणी संथ पण सेकंदाला ३० सेंटिमीटरने वाहते आहे, तिथे एक बारीक तार उभी धरा. तारेच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येते त्या दिशेला, साडेपाच मिलिमीटर अंतराच्या बारीक लहरी स्थिर उभ्या राहतात, आणि खालच्या बाजूला पाच सेंटिमीटरच्या रुंद लाटा. दोन्हींचा कलावेग ३० सेंटिमीटर प्रति सेकंदच आहे, म्हणून त्या प्रवाहात जागच्या जागी दिसतात. पण बारीक लहरींचा समूहवेग ४२, म्हणून त्यांची ऊर्जा प्रवाह कापून सेकंदाला १२ सेंटिमीटरने वर चढते. रुंद लाटांचा समूहवेग १८, त्यांची ऊर्जा तेवढ्याच वेगाने खाली वाहून जाते. समूहवेग कलावेगापेक्षा कमी की जास्त, एवढ्यावरच लाट तारेच्या कुठल्या बाजूला बसणार ते ठरते. पाण्यात साबण किंवा तेलाचा अंश असेल तर वरच्या बाजूच्या लहरी दिसेनाशा होतात. प्रवाह २३ सेंटिमीटरपेक्षा सावकाश असेल तर दोन्ही बाजूंना काहीच स्थिर उभे राहत नाही.

दगड आणि वादळ

शेततळ्यात दगड टाकला तर ठरावीक आवर्तकालाचा गट मिळत नाही, सगळ्या तरंगलांब्या एकदम सुटतात. तरीही समूहवेगच हिशेब देतो, फक्त प्रश्न उलटा विचारायचा. दगडापासून ५ मीटरवर, १० सेकंदांनी कोणती लाट दिसेल? जिचा समूहवेग ५/१० = ०.५ मीटर प्रति सेकंद आहे ती. तिचा कलावेग १.०, आवर्तकाल ०.६४ सेकंद, तरंगलांबी ६४ सेंटिमीटर. तिथेच उभे राहून वाट पाहिली तर पुढे पुढे आखूड लाटा येत जातात.

दक्षिण हिंदी महासागरातले वादळ कोकण किनाऱ्यासाठी असाच दगड आहे. ४५ अंश दक्षिणेच्या आसपास उठलेल्या वादळाच्या लाटा सुमारे ७००० किलोमीटर चालून रत्नागिरीसमोर येतात. तिथे उठलेल्या १८ सेकंदांच्या लाटेचा कलावेग २८.१ मीटर प्रति सेकंद, समूहवेग १४.०५. पोचायला लागणारा वेळ १३८ तास, पावणेसहा दिवस. कोणी कलावेगाने भागले तर उत्तर तीन दिवसांच्या आत येते आणि मच्छीमारांना दिलेला अंदाज तीन दिवसांनी चुकतो. १४ सेकंदांच्या लाटेचा समूहवेग १०.९३, तिला १७८ तास लागतात. म्हणजे किनाऱ्यावर आधी १८ सेकंदांच्या लाटा, मग सुमारे ४० तासांत आवर्तकाल घसरत १४ वर.

हे उलटे लावले की वादळ किती दूर होते ते किनाऱ्यावर बसून काढता येते. वारंवारता f = 1/T वेळेबरोबर सरळ रेषेत वाढते, आणि त्या रेषेच्या चढावरून अंतर मिळते:

```
d = g / (4π · Δf/Δt)
```

१८ वरून १४ सेकंदांवर येताना f ०.०५५६ वरून ०.०७१४ हर्ट्झ होते, फरक ०.०१५९. वेळ ३९.५ तास, म्हणजे १,४२,२०० सेकंद. भागाकार करून अंतर ७००० किलोमीटर येते. तीच रेषा मागे नेऊन f शून्याला जिथे भिडते ती वादळाची वेळ. वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रे लावून दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटांचा प्रशांत महासागर ओलांडेपर्यंत माग काढला, तेव्हा त्यांनीही असेच चढ वापरले होते. आपल्याकडे अशा लांबून येणाऱ्या लाटांचे इशारे हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते.

स्वतः करून पाहायचे असेल तर एप्रिल-मे मधले वाऱ्याचा जोर नसलेले दिवस निवडा. लागोपाठ दोन-तीन दिवस, दर सहा तासांनी, किनाऱ्यापासून थोडे आत असलेल्या एखाद्या बोयाकडे किंवा नांगरलेल्या होडीकडे पाहून वीस उंचवट्यांना लागलेला वेळ घ्या आणि वीसने भागा. दोन उंचवट्यांत दहा सेकंदांपेक्षा कमी अंतर असलेल्या लाटा स्थानिक वाऱ्याच्या असण्याची शक्यता जास्त, त्या मोजू नका. f चे बिंदू वेळेसमोर मांडा. बिंदू सरळ रेषेत नसतील, मध्येच f खाली उडी घेत असेल, तर दुसऱ्या वादळाच्या लाटा येऊन मिसळल्या आहेत आणि दोन रेषा वेगळ्या काढायला हव्यात. वादळ स्वतः किनाऱ्याच्या दिशेने सरकत असेल तर आखूड लाटा जवळून सुटतात, त्या लवकर पोचतात, आणि चढ मोठा होऊन अंतर कमी दिसते.

लाट फुटते त्या ठिकाणचा वेग मात्र या सूत्रात घालू नये. दहा मीटर खोलीवर १८ सेकंदांच्या लाटेला तळ पूर्ण जाणवतो, तिचा कलावेग ९.७ आणि समूहवेग ९.३ होतो, दोन्ही जवळजवळ सारखे. आवर्तकाल तेवढा बदलत नाही, म्हणून सगळा हिशेब त्याच्यावरच ठेवायचा. समूहवेग १४ वरून ९.३ वर उतरताना ऊर्जेचा ओघ तोच राहायला हवा, त्यामुळे लाट उंच होते. खोल समुद्रात होडीला जेमतेम जाणवलेली लांब लाट त्याच कारणाने किनाऱ्याच्या धक्क्यावर चढून येते.